सूत आणि चादर: प्रतीत्यसमुत्पादाबद्दल एका विद्यार्थिनीस पत्र

सोलापूर

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. अक्षर सुधारलंय. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे 'सगळं एकमेकांवर अवलंबून असतं आणि सगळं बदलत असतं', असं तू लिहिलंस. ते चुकीचं नाही, पण एवढ्यावर कुणाशी वादच होणार नाही. कारणावाचून कार्य होत नाही हे न्याय-वैशेषिक दर्शनवालेही मानतात, सांख्य दर्शनवालेही मानतात. बाजारातला सुताचा व्यापारीही मानतो. मग बुद्धाच्या परंपरेने नवीन काय सांगितलं? तुझ्या टिपणात नेमकं तेच नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी सूत्र बघ. पाली सुत्तांत ते पुन्हापुन्हा येतं: 'इमस्मिं सति इदं होति, इमस्सुप्पादा इदं उप्पज्जति, इमस्मिं असति इदं न होति, इमस्स निरोधा इदं निरुज्झति.' हे असलं की ते असतं, हे उपजलं की ते उपजतं. हे नसलं की ते नसतं, हे थांबलं की ते थांबतं. अविद्येपासून जरामरणापर्यंतची बारा निदानं तुला पाठ आहेत, ती इथे पुन्हा लिहीत नाही. त्या साखळीचा विषय दुःख हा आहे, कापड किंवा डोंगर नाही, एवढं मात्र ध्यानात ठेव. हाच नियम उचलून प्रत्येक वस्तूला, अगदी 'कारण' या कल्पनेलाही लावण्याचं धाडस बौद्ध आचार्य नागार्जुनाने केलं, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. सगळे बौद्ध त्याच्याबरोबर गेले नाहीत. सर्वास्तिवादी कार्यकारणभाव मानत होते, आत्मा नाकारत होते, आणि तरीही प्रत्येक धर्माला, म्हणजे अनुभवाच्या प्रत्येक मूळ घटकाला, स्वतःचा असा स्वभाव, स्वतःचं मूळ रूप, आहे म्हणत होते. म्हणजे हा घरातलाही वाद आहे. टिपणात 'बौद्ध म्हणतात' असं सरसकट लिहिलंस तर परीक्षक तिथेच पेन टेकवतील.

आता उदाहरण. तुझ्या सुदैवाने या वादात शास्त्रकारांनी ठरवलेलं उदाहरण तुमच्या घरचंच आहे: तंतू आणि पट, सूत आणि कापड. वैशेषिकांची मांडणी अशी. सूत हे कापडाचं समवायी कारण, म्हणजे कार्य ज्यात राहतं ते. धाग्यांची एकमेकांशी झालेली जोडणी हे असमवायी कारण. माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणं. या सगळ्यांतून जे कापड होतं ते धाग्यांहून वेगळं, नवं द्रव्य, आणि ते समवाय नावाच्या संबंधाने धाग्यांत राहतं. हे हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांच्याजवळ भक्कम कारण आहे: धागे अनेक आणि चादर एक, थंडीत अंगावर घ्यायला सुताची कांडी चालत नाही, चादर लागते. सांख्य उलट टोकाला आहेत. त्यांच्या मते कापड सुतात आधीपासूनच अव्यक्त असतं, विणकर ते फक्त प्रकट करतो.

नागार्जुनाच्या 'मूलमध्यमककारिके'त २७ प्रकरणं आहेत, आणि पहिल्याची पहिलीच कारिका या दोघांना एकदम भिडते: 'न स्वतो नापि परतो न द्वाभ्यां नाप्यहेतुतः। उत्पन्ना जातु विद्यन्ते भावाः क्वचन केचन॥' स्वतःपासून, परापासून, दोहोंपासून किंवा कारणावाचून उपजलेली अशी कोणतीही वस्तू कुठेही नाही. वाचताना हे कोडं वाटतं. तुमच्या कारखान्यात उभी राहून वाच.

चादर स्वतःपासून उपजते का? ती सुतात आधीच असेल तर ताणा भरायचा, बीम चढवायचा, जकार्डची पत्ती लावायची हा खटाटोप कशाला? यावर नागार्जुनाचा टीकाकार बुद्धपालित याचं म्हणणं असं की जे आहेच ते पुन्हा उपजण्यात अर्थ नाही, आणि असलेलंही उपजत असेल तर ते उपजणं कधी संपायचंच नाही. सांख्य म्हणेल, 'अव्यक्त होतं, व्यक्त झालं.' मग त्याला विचार, की ही व्यक्तता सुतात आधी होती का? होती म्हटलं तर काम काहीच उरलं नाही, नव्हती म्हटलं तर नवीन काहीतरी उपजलं हे त्याने कबूल केलं.

मग परापासून? इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपल्या व्यवहाराला हाच पर्याय पटतो. सूत वेगळं, चादर वेगळी, एकातून दुसरं झालं, यात अडचण काय? अडचण 'स्वभावाने वेगळं' या शब्दांत आहे. सूत चादरीहून आपल्या स्वभावानेच वेगळं असेल, तर मातीही चादरीहून तशीच वेगळी आहे. वेगळेपण दोघांत सारखंच आहे. मग चादर सुतातूनच का होते, मातीतून का नाही? सातव्या शतकातला दुसरा टीकाकार चंद्रकीर्ती हाच मुद्दा टोकाला नेतो: परापासून उपजत असेल तर ज्वाळेतून दाट काळोखही उपजावा. 'सुतात ती शक्ती आहे' असं उत्तर येतं. पण शक्ती कशाची? चादर होण्याची. म्हणजे सुताचं सूतपण सांगायलाही चादरीकडे बोट दाखवावं लागलं.

दोहोंपासून म्हटलं तर दोन्ही अडचणी एकदम येतात, आणि कारणावाचून म्हटलं तर कुणी मागावर बसलंच नसतं. हे दोन पर्याय लवकर आटपण्यासारखेच आहेत.

खरी मेख त्याच प्रकरणात थोडं पुढे आहे. यांच्यामुळे कार्य उपजतं म्हणून यांना प्रत्यय म्हणायचं. मग जोवर कार्य उपजलेलं नाही, तोवर हे अ-प्रत्यय का नव्हेत? असा नागार्जुनाचा प्रश्न. तुमच्या गोदामात सुताचे गठ्ठे पडलेत. ते चादरीचं कारण आहेत का? उद्या टॉवेलची मोठी ऑर्डर आली तर त्याच सुताचे टॉवेल होतील. खळ बिघडली, सूत कुजलं, तर कशाचंच काही होणार नाही. सूत 'चादरीचं कारण' ठरतं ते चादर झाल्यावर. आणि चादर झालेली असेल तर तिला आता कारणाची गरज उरली नाही. म्हणजे कार्य कारणावर अवलंबून, हे तर आपण मानतच होतो. इथे कारणाचं कारणपणही कार्यावर अवलंबून निघालं. खाली स्वतःच्या पायावर उभं राहणारं काही असेल आणि वरच्या गोष्टी त्याच्यावर टेकलेल्या असतील, अशी आपली समजूत असते. ती इथे सुटते.

'चादरीचे तुकडे केले तर धागेच उरतात, म्हणून चादर खरी नाही' हा तू टिपणात दिलेला युक्तिवाद म्हणूनच कच्चा आहे. तो केलास की वैशेषिक म्हणेल, 'ठीक, मग धागे खरे.' धागा उकललास तर तो कापसाचे तंतू खरे म्हणेल, आणि शेवटी नित्य परमाणूंवर जाऊन बसेल. तुकडे करत जाण्याने नित्य द्रव्याची समजूत फक्त खालच्या मजल्यावर सरकते. नागार्जुनाचा प्रश्न मजल्याचा नाहीच. तो विचारतो, कोणत्याही मजल्यावर, दुसऱ्या कशाच्याही आधारावाचून 'हे' म्हणता येईल असं काही दाखव. पंधराव्या प्रकरणात त्याने स्वभावाची अट नेमकी लिहिली आहे: 'अकृत्रिमः स्वभावो हि निरपेक्षः परत्र च.' स्वभाव म्हणजे कुणी न घडवलेला आणि दुसऱ्या कशाची अपेक्षा नसलेला. एकदा ही अट मान्य केली की 'कारणांनी घडलेला स्वभाव' असं म्हणताच येत नाही. प्रतीत्यसमुत्पन्न म्हटलंस की स्वभाव सुटला, आणि स्वभाव धरलास की उपजणं सुटलं.

आता तुझा दुसरा प्रश्न: 'मग सर, आतला मी तरी?' हा प्रश्न जुना आहे. मज्झिम निकायातल्या महातण्हासंखय सुत्तात साती नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, हेच धरून बसतो. तेच एक विज्ञान, म्हणजे जाणीव, जन्मोजन्मी धावत राहतं, दुसरं नाही, असं त्याचं म्हणणं. बुद्ध त्याला विचारतात, 'ते कोणतं विज्ञान?' तो सांगतो: जे बोलतं, अनुभवतं, बऱ्यावाईट कर्मांची फळं भोगतं ते. बुद्ध त्याला चांगलंच फटकारतात, आणि मग सांगतात की विज्ञानाचं नाव त्याच्या प्रत्ययावरून पडतं. डोळा आणि रूप यांच्या आधारे उपजलं तर चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्या आधारे उपजलं तर श्रोत्रविज्ञान. जसं लाकडावर पेटलं तर लाकडाचा विस्तव, शेणीवर पेटलं तर शेणीचा. साती जाणीव नाकारत नव्हता, बुद्धही नाकारत नाहीत. वाद फक्त 'तेच एक' या शब्दांवर आहे. शेणी विझली आणि लाकूड पेटलं, तर मधे एक 'निव्वळ विस्तव' कुठे थांबला होता का, एवढाच प्रश्न आहे.

यावरून 'म्हणजे काहीच नाही' असं लिहू नकोस. या विषयात विद्यार्थी सगळ्यात जास्त घसरतात ते इथे. कच्चानगोत्त सुत्तात 'सगळं आहे' हे एक टोक आणि 'सगळं नाही' हे दुसरं टोक, अशी दोन्ही नाकारली आहेत, आणि नागार्जुन पंधराव्या प्रकरणात त्या उपदेशाचा नावाने उल्लेख करतो. चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी ओरडतोच: सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यंही बुडाली! नागार्जुन ते उलटवतो. दुःखाला स्वभाव असता तर ते कशामुळे उपजलंच नसतं आणि कशानेही थांबलं नसतं. मार्ग वाया गेला असता. बुडवणारा तूच. तिथेच ती प्रसिद्ध ओळ आहे: 'यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे.' ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. म्हणून शून्य ही चादरीमागे दडलेली दुसरी वस्तू नव्हे. चादर आहे, विकली जाते, थंडी वारते. ती जशी आहे तशी असण्यालाच शून्यता म्हटलंय.

आपण घसरलो हे ओळखायचं कसं? तुझ्या वाक्यात 'शून्यता' कर्ता होऊन काही करू लागली, म्हणजे ती जग निर्माण करते, तिच्यातून सगळं येतं, असं लिहिलं गेलं, की समज तू ब्रह्माला नवं नाव दिलंस. आणि 'सगळा भास, मग कर्माला काय अर्थ' असं आलं, की दुसऱ्या टोकाला गेलीस. चुकीची धरलेली शून्यता मंदबुद्धीचा नाश करते, जसा चुकीचा धरलेला साप, हेही त्याच चोविसाव्यात लिहिलंय.

एक आक्षेप मुद्दाम तुझ्यासाठी शिल्लक ठेवतो. 'कशालाही स्वभाव नाही' हे तुझं वाक्य. त्याला तरी स्वभाव आहे का? नसेल तर ते दुसऱ्याचा स्वभाव कसं खोडणार? नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त हा प्रश्न स्वतःवर ओढवून घेतलाय आणि 'माझी प्रतिज्ञाच नाही', म्हणजे सिद्ध करायचं असं माझं विधानच नाही, असं उत्तर दिलंय. मला ते उत्तर पूर्ण पटतं असं नाही; वादात उतरलेल्या माणसाने प्रतिज्ञा नाही म्हणणं म्हणजे थोडी पळवाट वाटते. त्यापेक्षा त्याचं आधीचं उत्तर मला जास्त आवडतं: रथ आणि वस्त्र कारणांवर अवलंबून असूनही आपापलं काम करतात, तसंच माझं वाक्यही करतं.

टिपण पुन्हा लिही. आधी पहिलं प्रकरण, मग पंधरावं, मग चोविसावं. मधली घाईने वाचू नकोस. विस्तव आणि सरपणाचं दहावं नंतर आपण बसून वाचू. वैशेषिकाची बाजू निदान दोन पानं लिही, आणि ती अशी लिही की वाचताना माझं मन त्याच्याकडे झुकलं पाहिजे. वडिलांना नमस्कार सांग. त्यांना विचार, एका बीमवर एकामागून एक चादरी निघतात, तर कात्री लागायच्या आधी मागावर असते ती 'एक चादर' कुठे सुरू होते? त्यांचं उत्तर टिपणात घाल.

तुझे,
सर