संवादकाचा परिचय कसा करून द्यावा?

प्रश्न: पुण्यात आमच्या मंडळाच्या परिसंवादात मॉडरेटरची ओळख मला करून द्यायची आहे. ती वक्त्यांच्या परिचयासारखीच द्यायची का? किती मोठी असावी?

उत्तर: नाही. वक्त्याच्या परिचयातून श्रोत्यांना त्याच्या मताला वजन का द्यावे हे कळावे लागते, तर संवादकाच्या परिचयातून प्रश्न विचारण्याचे काम त्याच्याकडेच का सोपवले, एवढे कळले की पुरते. म्हणून पन्नाससाठ शब्द, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, पुष्कळ झाले.

ही चूक मी स्वतः केली आहे. मुठेच्या पूररेषेवर परिसंवाद होता. व्यासपीठावर जलअभियंता, नगररचनाकार, बांधकाम व्यावसायिक आणि नदीकाठच्या रहिवासी असे चौघे होते. संवादक पत्रकार होत्या. मी त्यांचे पुरस्कार वाचून दाखवले आणि निळ्या रेषेच्या, म्हणजे जिच्या आत नदीकाठी बांधकामाला मनाई असते त्या पूररेषेच्या, आतल्या बांधकामांविरुद्ध त्यांनी लिहिलेल्या लेखमालेचे कौतुकही केले. परिणाम असा, की बांधकाम व्यावसायिक पहिल्या प्रश्नापासून बचावाच्या पवित्र्यात गेले आणि प्रश्नोत्तरांत पहिल्याच श्रोत्याने माईक हातात घेऊन विचारले, ‘बाई, तुमचे मत काय?’ संवादक पाचवी वक्ती ठरल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

आज तोच परिचय मी असा लिहिला असता: ‘पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हापासून पूर हा पुणेकरांच्या घरातला विषय आहे. आजच्या संवादक गेली बारा वर्षे शहराच्या पाण्याविषयी वार्तांकन करतात. अभियंत्यांच्या नकाशांपासून नदीकाठच्या वस्त्यांपर्यंत सगळ्यांशी त्यांचे बोलणे झालेले आहे. त्यांनी या विषयावर स्वतःची मतेही लिहिली आहेत. आज मात्र त्या चौघांना बोलते करणार आहेत.’ यानंतर नाव. लेखमालेचा उल्लेख गाळलेला नाही, कारण लपवलेला हितसंबंध सभागृहात कोणीतरी उकरून काढतोच (पुण्यात तर नक्कीच). पण तो कौतुक म्हणून नव्हे, खुलासा म्हणून आला आहे.

वक्त्यांचा परिचय शक्यतो संवादकावरच सोडावा. निवेदकाने चौघांना दोन-दोन मिनिटे दिली, तर तासाभराच्या कार्यक्रमातली आठ मिनिटे चर्चा सुरू होण्याआधीच जातात. शिवाय कोणाला कोणत्या मुद्द्यावर आधी बोलवायचे हे संवादकाला ठाऊक असते, त्यामुळे प्रत्येकाच्या परिचयाचे एखादे वाक्य त्याला थेट पहिल्या प्रश्नाला जोडता येते. मात्र हे आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावे. अन्यथा दोघेही तेच वाचतात किंवा दोघेही वाचत नाहीत. त्याच फोनवर नावाचा उच्चार आणि सध्याचे पद विचारून घ्यावे, कारण त्यांनी पाठवलेला परिचय बहुधा जुना असतो.

नाव उच्चारले की टाळ्या होतात. त्या वेळात माईक त्यांच्या हाती देऊन खाली उतरावे, ‘दोन शब्द’ आणखी जोडू नयेत.