शाळेने प्रबंधाच्या संशोधनाची परवानगी मधेच काढून घेतली तर

आधी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या: बंदी फक्त पुढच्या कामावर आहे, की जमलेली माहिती वापरण्यावरही? सगळं यावर ठरतं. समजा माहिती वापरता येते, वाचन उपक्रमाच्या अभ्यासासाठी 120 मुलांची पूर्वचाचणी झाली आहे आणि उत्तरचाचणी राहिली आहे. ती दुसऱ्या शाळेत घेऊन जोड लावू नका. मुलंच वेगळी, त्यामुळे फरक उपक्रमाचा की मुलांचा हे कळणारच नाही. त्यापेक्षा प्रश्न बदला: ‘उपक्रमाचा वाचनावर परिणाम’ऐवजी ‘घरची भाषा आणि वाचन यांचा संबंध’. अर्थात, घरच्या भाषेची नोंद तेव्हा घेतली असेल तरच. शिक्षकांच्या मुलाखती हव्या असतील तर शाळेबाहेर, नव्या संमतीने घ्या, पण नीतिमत्ता समितीची सुधारित मंजुरी हातात आल्यावरच. शीर्षकबदलाचा अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने लगेच द्या, आणि पद्धतीच्या प्रकरणात परवानगी गेल्याची तारीख सरळ लिहा.