दिवसा लाईट लावावी लागते का हो?

*घर विकायचंय. मोबाईलवर स्वतःच फोटो काढले, पण खोल्या अंधाऱ्या दिसतात आणि भिंती तिरप्या. एडिट किती केलं तर चालतं? बघायला येणाऱ्याला फसवल्यासारखं वाटायला नको.*

मी छत्रपती संभाजीनगरात घरांचे फोटो काढतो. आधी लग्नं करायचो. माझे दाजी जागांची दलाली करतात, आणि तुमचा प्रश्न हुबेहूब आमच्या भांडणाचा विषय आहे. त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

बीड बायपासच्या अंगाला एक रो-हाऊस होतं. मागची बेडरूम दहा बाय नऊची. तिला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे, मध्ये जेमतेम तीन फुटांचा बोळ. मी दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि फरशी फोटोत यावी म्हणून कॅमेरा खाली झुकवला. कॅमेरा झुकला की उभ्या रेषा खालच्या बाजूला एकमेकींकडे सरकतात. खोली बादलीसारखी दिसते, वर रुंद, खाली निमुळती. घरी येऊन Lightroom मध्ये Transform उघडलं, Vertical ओढलं, भिंती ताठ उभ्या राहिल्या. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. भिंती खऱ्याच ताठ होत्या, तिरपा माझा हात होता.

गंमत पुढे आहे. रेषा सरळ करताना चित्राचा काही भाग ताणला जातो आणि उंची-रुंदीचं प्रमाण हलतं. ते जागेवर आणायला खालीच Aspect ची पट्टी आहे. दाजी माझ्या खुर्चीमागे उभे. म्हणाले, "घे की अजून थोडं आडवं. खोली कशी ऐसपैस दिसायली." मी घेतलं. मग Exposure दोन घर वर, म्हणजे उजेड चौपट. वर Whites पण ढकलले. भिंत दुधासारखी झाली. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघालेली होती, आपल्याकडच्या काळ्या जमिनीवरच्या घरांत असते तशी. ती मी पुसली नाही हो, ती त्या पांढऱ्यात आपोआप बुडाली. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

फोटो बघून अंबडहून एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांच्या मंडळी एसटीनं आले. सकाळचे अकरा वाजलेले, बाहेर ऊन रणरणतंय. बाईंनी मागच्या खोलीत पाऊल ठेवलं आणि सवयीनं भिंतीवर बटण चाचपलं. मग दाजींकडे वळून विचारलं, "दिवसा लाईट लावावी लागते का हो?" गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी पावलं टाकून खोली मोजली, खिशातला मोबाईल काढला, फोटो बघितला, परत खोली बघितली. चहासुद्धा न घेता निघाले. जिन्यात दाजी मला म्हणाले, "तूच लई चढवलं होतंस." माझ्या खुर्चीमागे कोण उभं होतं ते मी विचारलं. त्यावर अजून आमचं पटलेलं नाही.

त्या रात्री मी फोटो उघडून समोरच्या भिंतीवरच्या कपाटाचं दार मोजलं. खरं दार सात फूट उंच, अडीच फूट रुंद. म्हणजे उंची रुंदीच्या 2.8 पट. स्क्रीनवर पट्टी ठेवली तर फक्त 2.15 पट भरली. सात फूट उंची धरली तर दार सव्वातीन फुटांचं झालं होतं. आणि दार जितकं फुगलं तितकीच भिंत फुगली, नऊ फुटांची जवळपास पावणेबारा! गुरुजींना पलंगाशेजारी टेबलाची जागा दिसली होती, ती ही अशी आली.

तुम्ही एवढंच करा. कॅमेऱ्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवरचं दार, खिडकी किंवा कपाट टेपनं मोजा. भिंती सरळ केल्यावर तेच स्क्रीनवर मोजा. प्रमाण जुळलं तर तुमची दुरुस्ती प्रामाणिक. चुकलं तर Aspect मागेपुढे करून जुळवा. वस्तू समोरच्या भिंतीवर सपाट हवी. कडेचा सोफा किंवा फ्रिज मोजू नका, रुंद लेन्समध्ये कडेच्या वस्तू तशाही लांबतात. त्याच कारणानं मोबाईलचा 0.5x शक्यतो टाळा. त्यात समोरची भिंत लांब पळते आणि दहा फुटांची खोली हॉल वाटते. खरं तर छातीच्या उंचीवर मोबाईल अगदी ताठ धरला तर सरळ करायला फारसं काही उरतच नाही. फरशी थोडी कमी दिसेल, दिसू द्या.

Snapseed वापरत असाल तर एक सावधगिरी. त्यातलं Perspective वापरलं की रिकामे पडलेले कोपरे ते स्वतःच भरतं. आजूबाजूचं बघून फरशी आणि भिंत बनवतं. नसलेली दोन फूट फरशी अशी फुकटात मिळते. ते कोपरे कापून टाका.

उजेडाचं म्हणाल तर उजळायला हरकत नाही. खिडकी चौकटीत आली की कॅमेरा तिच्या उजेडाला घाबरून बाकी खोली काळी करतो, डोळ्याला ती तेवढी काळी दिसत नाही. मी आता एडिट केलेला फोटो मोबाईलवर घेऊन त्याच खोलीत जातो. दुपारची वेळ, लाईट बंद, पडदे उघडे. स्क्रीनची आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद करून ती मध्यावर ठेवतो. दोन मिनिटं थांबतो, डोळे सरावू देतो, मग दोन्हींकडे बघतो. फोटो खोलीपेक्षा उजळ वाटला की Exposure खाली. खोली खरंच अंधारी असेल तर लाईट लावून फोटो काढा. छतावरचा पेटलेला दिवा फोटोत दिसू द्या, बघणाऱ्याला कळतं. Whites ला मात्र शेवटी हात लावा आणि लावल्यावर भिंत मोठी करून बघा. ओल, लोणा, भेगा सगळ्यात आधी तिथेच गायब होतात.

दाजींचं म्हणणं, "दोरीवरचे कपडे पुसतोस, मग भेग कामून नाही?" दाजी, कपडे घर विकणारा घेऊन जाणार आहे. भेग घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार आहे. मी हे त्यांना तीनदा सांगितलंय, इथे चौथ्यांदा.

आता एक कबूल करतो. खरे फोटो टाकल्यावर फोन कमी येतात. दाजींचं हे गणित चुकीचं नाही, आणि तुम्हाला घाई असेल तर ते बोचेल. शिवाय दाराच्या मापानं रुंदी तेवढी कळते, खोलीची लांबी कळत नाही. म्हणून फोटोखाली मापं फुटात लिहा. फरशी दोन बाय दोनची असेल तर मोजायलाही नको, लांबीला पाच फरशा म्हणजे दहा फूट.

ते रो-हाऊस पुढे विकलं गेलं. घेणारा त्याच गल्लीतला होता, त्यानं फोटो बघितलेच नव्हते. दाजी ते अजून मला ऐकवतात.