‘नावापुरता’ कोरा चेक

*ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलाचं लग्न डिसेंबरात आहे, 2 लाख कमी पडतायत. तो म्हणतो, सावकाराकडून दहा टक्क्यांनी घेतो, मार्चला द्राक्षाचे पैसे आले की फेडतो. मी नको म्हटलं की, ‘आई, तुला व्यवहार कळत नाही.’ पत्र लिहून ठेवावं म्हणते. काय लिहू?*

सावकार वाईट असतात, असं लिहू नका; ते त्यालाही ठाऊक आहे. हिशोबच लिहा.

दहा टक्के म्हणजे महिन्याला शेकडा दहा. पहिल्या महिन्याचं व्याज बहुतेकदा आधीच कापून घेतात. म्हणजे हातात पडणार 1 लाख 80 हजार, व्याज मात्र पुऱ्या 2 लाखांवर. मार्चअखेर फेडले तरी चार महिन्यांचे 80 हजार गेले. आणि बाग कुणाचं ऐकते? छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की दावण्या येतो, घड गळतात, औषधांचा खर्च वाढतो. माल गेला तरी व्यापारी पैसे लांबवतो. दहा महिने लांबलं तर 2 लाख निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल तसंच उभं.

कायद्यानं परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्केच घेता येतात. 2 लाखांवर महिन्याला फार तर 2 हजार होतात. इथं 20 हजार मागतायत. चक्रवाढ लावता येत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याजही वसूल करता येत नाही. मुलाला सांगा, परवाना आणि पावती मागून बघ. टाळाटाळ झाली की समजायचं. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे परवान्याची खात्री करता येते.

खरी मेख कागदात असते. ‘नावापुरता’ सही केलेला कोरा चेक घेतात. पुढं त्यावर हवा तो आकडा टाकून बँकेत लावला की चेक परत येतो आणि कोर्टात खटला तुमच्यावरच. रोखीनं भरलेल्या व्याजाचा पुरावा तुमच्याकडं नसतो. त्याहून वाईट म्हणजे जमिनीचं साठेखत किंवा खरेदीखत. सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला 2014 च्या कायद्यात तरतूद आहे, पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो. पण तो व्यवहार विक्रीचा नसून सावकारीचाच होता, हे दाखवावं लागतं. तिथंच माणसं अडकतात.

मग 2 लाख आणायचे कुठून? तुमचे दागिने असतील तर बँकेत सोनेतारण. नसेल तर पगारदार पाहुण्याला जामीन घेऊन पतसंस्था. वर्षाला 12 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी 2 लाख घेतले तर हप्ता साधारण 9,415 रुपये, आणि त्यात मुद्दलही फिटत जातं. सावकाराला नुसतं व्याज 20 हजार! हे दोन आकडे पत्रात एकाखाली एक लिहा.

आणि कार्यालयाची अनामत देण्याआधी वधूपक्षाशी जेवणावळीच्या आकड्यावर एकदा बसा. पाचशे पानं कमी झाली, तर ताट 200 रुपयांचं धरलं तरी 1 लाख वाचतात. तोवर चेकबुक तुमच्या कपाटात ठेवा.