विंचवाचं विष कुठपर्यंत चढतं: सांगरूपकावरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: कवितेत रूपक आहे हे कळतं, पण "रूपकाचा विकास स्पष्ट करा" असं आलं की दोन ओळीत संपतं. काम-क्रोध म्हणजे विंचू, एवढं लिहिलं की पुढे काय लिहायचं? एकनाथांच्या "विंचू चावला" या भारुडावरच सांगाल का?

"काम-क्रोध म्हणजे विंचू" हे तर नाथांनी धृपदातच सांगून टाकलंय, त्यामुळे तिथे आपल्याला शोधण्यासारखं काहीच नाहीये. एकच रूपक सगळ्या अंगांसकट शेवटपर्यंत नेलं की ते सांगरूपक, म्हणून ते पुढच्या प्रत्येक कडव्यात कुठे सरकतं ते बघायचं. मी वर्गात पोरांना आधी सांगते की पाच मिनिटं अध्यात्म पूर्ण विसरा आणि ही फक्त एका विंचू चावलेल्या माणसाची गोष्ट आहे असं समजून वाचा. मग दिसतं की चावणं, घाम, दाह, नांगीची वेदना, मग उतारा, अंगारा, विष उतरणं आणि शेवटी थोडीशी फुणफुण, हा सगळा क्रम गावाकडे ज्याने विंचू चावलेलं माणूस बघितलंय त्याला तंतोतंत पटतो. घामाचंच घ्या. "तम घाम अंगासी आला" ही लाईन बरेच जण यमकाची सोय म्हणून सोडून देतात, पण लाल विंचू चावला की माणूस खरोखर घामाने निथळतो, डॉक्टर ते महत्त्वाचं लक्षण मानतात. म्हणजे उपमानाची, विंचवाची बाजू नाथांनी नीट बघून लिहिलीय.

आता दुसऱ्यांदा वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा की हा शब्द विंचवाकडचा आहे, मनाकडचा आहे, की दोन्हीकडे चालतो. "सर्वांगाचा दाह झाला" दोन्हीकडे चालतं. "नांगा मारिला" फक्त विंचवाकडचं. "तमोगुण मागें सारा" फक्त मनाकडचं, कुठलाही मांत्रिक असं बोलणार नाही. आणि "तम घाम" मध्ये तर दोन शब्द शेजारी बसवून दोन्ही बाजू एकाच दमात म्हटल्यात. असं केलं की रूपक कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल होतंय ते आपोआप दिसायला लागतं, आणि तुमचं उत्तर म्हणजे तेच लिहायचं असतं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते ती तिसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या मधली. तिसऱ्यात उपाय सांगितलाय, "सत्त्वगुण लावा अंगारा, विंचू इंगळी उतरे झरझरां". झरझरां! हे उतारा देणाऱ्याचं बोलणं आहे, खात्रीचं. चौथ्यात तोच उपाय करून झालाय, अवघा तमोगुण सारून झालाय, आणि तरी पेशंट म्हणतो, "किंचित् राहिली फुणफुण". विंचू उतरल्यावर चावल्या जागी बराच वेळ जे ठणकत राहतं ती ही फुणफुण. आता बघा, ही गोष्ट काम-क्रोधाच्या बाजूने सुचलेली नाहीये, ती विंचवाच्या बाजूने आलीय आणि तिने काम-क्रोधाबद्दल नवीन काहीतरी सांगितलं, की राग गेला असं आपण म्हणतो तेव्हाही तो थोडा शिल्लक असतो. शिवाय गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्वगुणही बांधतोच, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधतो असं म्हटलंय, म्हणजे सत्त्वाच्या अंगाऱ्याने पूर्ण आराम पडणार नाही हे तत्त्वज्ञानातही बसतं. शरीराचा अनुभव आणि शास्त्र एका साध्या घरगुती शब्दावर येऊन भेटलेत. रूपक वाढलं असं म्हणायचं ते अशा ठिकाणी, नुसते अवयव मोजून दाखवले तर ती यादी होते.

प्रश्न: मला हे रूपक मुळातच चुकलंय असं वाटतं. विंचू बाहेरून येऊन चावतो, काम-क्रोध तर आपल्या आतलेच. शिक्षक म्हणाले संतांच्या रचनेत चुका काढू नयेत. मी गप्प बसू का?

अजिबात गप्प बसू नका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. फक्त "चुकलंय" म्हणून थांबू नका, त्या ताणाचं कविता पुढे काय करते ते बघा.

धृपदात चावणारा काम-क्रोध आहे, पण अंगावर जे फुटून आलं ते तम, आणि घाम तर आपल्याच शरीरातून येतो ना. दुसऱ्या कडव्यात चावणारी "मनुष्य इंगळी" होते. इंगळी म्हणजे मोठा विंचू, आणि तिला एकदम मनुष्य म्हटलंय, म्हणजे मी तरी असं वाचते की डंख मारणाऱ्याला आता माणसाचा चेहरा आलाय. बाहेरून कोणीतरी डिवचलं. पण उपाय सांगताना त्या इंगळीला मारा, पळवा, दगडाखाली चिरडा असं एका शब्दानेही म्हटलेलं नाही, मागे सारायचाय तो पेशंटच्या आतला तमोगुण. म्हणजे डंख बाहेरचा, आजार आतला, अशी वाटणी कविता हळूहळू करत जाते आणि तुमचा आक्षेप तिच्याच पोटात घेते.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या नसा स्वतःचीच अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं बेसुमार सोडायला लागतात आणि हृदयावर मुख्य घाला पडतो तो त्या आपल्याच द्रव्यांचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून रुग्ण वाचवले ते हेच वादळ शमवून. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या नाथांना हे ठाऊक होतं असं मी म्हणत नाहीये, तसं उत्तरात लिहूही नका. पण बाहेर-आत हा भेद खऱ्या विंचवाच्या बाबतीतही आपल्याला वाटतो तेवढा पक्का नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

खरा ताण मला शेवटच्या ओळीत दिसतो. "शांत केली जनार्दनें". अंगारा लावून झाला, विष उतरलं, मग हा दुसरा बरं करणारा कोण आला? विंचवाच्या गोष्टीत त्याला जागाच नाही. जनार्दन म्हणजे नाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि जनार्दन हे विष्णूचंही नाव, दोन्ही अर्थ उपमेयाच्या, म्हणजे मनाच्या बाजूचे. म्हणजे उरलेल्या फुणफुणीपाशी उपमानाकडचे उपाय संपले आणि कवितेला रूपकाबाहेरचा माणूस बोलवावा लागला. ही मी कमजोरी मानत नाही, कारण नाथांना म्हणायचंच ते आहे की इथून पुढे अंगाऱ्या-उताऱ्याने भागत नाही. आणि भारूड गाताना शेवटच्या कडव्यानंतरही धृपद घेतात, म्हणजे शांत झालेला माणूस पुन्हा "विंचू चावला" म्हणून ओरडतो. छापील पानावर हे जाणवत नाही, त्यासाठी एकदा प्रयोग बघाच.

प्रश्न: इंग्रजीत ज्याला कन्सीट म्हणतात ते म्हणजे आपलं सांगरूपकच का? जॉन डनचा कंपास अभ्यासाला आहे, सगळ्या गाइडमध्ये "अप्रतिम तुलना" एवढंच लिहिलंय.

बरंचसं जुळतं पण एक फरक मोठा आहे. सांगरूपकात दोन गोष्टी मुळात जवळच्या असल्या तरी चालतं, क्रोधाला विष म्हणणं आपल्याला नवीन नाही. कन्सीटमध्ये दोन गोष्टी इतक्या लांबच्या असतात की ऐकणारा आधी "काहीही काय" म्हणतो आणि मग कवीला एकेक मुद्दा मांडून ते पटवून द्यावं लागतं. त्यामुळे कन्सीट युक्तिवादासारखा वाचायचा, प्रत्येक पायरीला हे खरंच सिद्ध झालं का असं विचारत.

डनची ती कविता 1633 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. प्रवासाला निघालेला पुरुष बायकोला म्हणतो की आपले जीव कंपासच्या दोन पायांसारखे आहेत. तुम्ही एक करा, कंपासपेटीतला कंपास काढा आणि कडवी वाचत वाचत हाताने फिरवा. आधी म्हणतो की मधला पाय स्थिर वाटतो पण दुसरा हलला की तोही हलतो. मग म्हणतो की दुसरा लांब गेला की मधला त्याच्याकडे झुकतो, कान देतो, आणि तो घरी आला की ताठ उभा राहतो. इथपर्यंत कंपास उघडतोय आणि मिटतोय. पण शेवटच्या कडव्यात अचानक वर्तुळ येतं, तुझ्या स्थिरपणामुळे माझं वर्तुळ बरोबर होतं आणि मी जिथून निघालो तिथेच संपतो असं तो म्हणतो. आता हातातला कंपास बघा! वर्तुळ काढताना फिरणारा पाय मधल्या पायापासून सतत तेवढ्याच अंतरावर असतो, तो निघाल्या जागी परत येतो खरा पण ती जागा परिघावरची, बायकोजवळची नाही. घरी येणं ही एक हालचाल आणि वर्तुळ पुरं करणं ही दुसरी, आणि कवीने दोन्ही एकाच वाक्यात बसवल्यात.

माझ्या मते हा सांधा दिसतो म्हणूनच कविता मनाला भिडते. वर्तुळ हे पूर्णत्वाचं चिन्ह, आणि मिटलेला कंपास म्हणजे मिठी. निघालेल्या माणसाला दोन्ही वचनं द्यायचीयत, पण भूमितीत दोन्ही एका वेळी देता येत नाहीत. गाइडमधल्या "अप्रतिम"च्या जागी हे लिहा.

प्रश्न: बहिणाबाईंचं "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर" हे सांगरूपक धरायचं का?

नाही. एक तर "जसा" आहे म्हणजे ती उपमा, आणि तवा पहिल्या कडव्यातच संपतो, पुढे राऊळाचा कळस येतो, वेलावरचा खिरा येतो, भिलावा येतो. ही माळ आहे. पण माळेतसुद्धा काय सरकतं ते बघायला विसरू नका. तव्याच्या वेळी "आधी हाताला चटके" आणि मग भाकर, म्हणजे दुःख आधी, सुख नंतर. खिऱ्यापर्यंत आल्यावर कडू आणि गोड एकाच फळात येतात, वाट बघायची गरजच राहत नाही. वस्तू बदलत गेल्या आणि त्यांच्यासोबत संसाराबद्दलचं म्हणणंही बदललं.

प्रश्न: मी लिहिलं होतं की विंचवाचे आठ पाय म्हणजे आठ विकार, मार्क कापले. रूपक लांबवणं वाचकाचा हक्क नाही का?

पाय कवितेत कुठे आहेत ते दाखवा. नांगा आहे, घाम आहे, दाह आहे, अंगारा आहे, फुणफुण आहे, पायांचा उल्लेखच नाही. खऱ्या विंचवाला आठ पाय असतात हे बरोबर, पण कवीने उपमानाचा जेवढा भाग उजेडात आणलाय तेवढ्यावरच आपण बोलायचं, बाकीचा विंचू अंधारात राहू द्यायचा. ताणाचंही तसंच, कवितेतले दोन शब्द एकमेकांशी भांडताना दाखवता आले, जसं "झरझरां" आणि "फुणफुण", तर तो ताण कवितेचा. एकच शब्द दाखवता आला आणि दुसरा तुमच्या सामान्यज्ञानातून आणावा लागला तर तो वाचकाने ओढलेला. तुमचे आठ पाय या दुसऱ्या प्रकारातले आहेत म्हणून मार्क गेले, आणि मीही कापले असते. पण तुमच्याच उत्तरात तुम्ही नांगीबद्दल जे लिहिलंय, की वेदना सर्वांगभर असली तरी तिचं नाव एका इंगळीचंच राहतं, ते मात्र कवितेच्या शब्दांतून आलंय. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.