गटप्रकल्पात सगळ्यांना सारखेच गुण जातात, काय करू?

नववीच्या पाच जणांनी बोंडअळीवर प्रकल्प केला, राबले दोघंच. गुणदानाची रुब्रिक कशी करू?

20 पैकी 12 गुण गटाला द्या, 8 ज्याचे त्याला. गटाचे निकष तीन: नोंदी, निष्कर्ष, मांडणी. वैयक्तिक दोन: स्वतःची वही आणि तोंडी उत्तर. प्रत्येकी 4 गुण.

खरी मेहनत प्रत्येक निकषाच्या 4 ते 0 गुणांच्या पातळ्या लिहिण्यात आहे. ‘नोंदी चांगल्या’ लिहिलं की अक्षर सुबक असलेला जिंकतो. त्याऐवजी मोजता येईल असं लिहा. कामगंध सापळ्यातले पतंग 14 ही दिवस मोजून तारखेसह लिहिले तर 4, दोन दिवसांपर्यंत सुटले तर 3, निम्मे तरी भरले तर 2, त्याहून कमी तर 1. नोंदच नसेल तर शून्य.

तोंडी परीक्षेत प्रत्येकाला गटाच्याच तक्त्यावरचा प्रश्न विचारा: ‘या दिवशी आकडा का वाढला?’ उत्तर वऱ्हाडीत आलं तरी गुण कापू नका, निकष भाषेचा नाही.

समजा गटाला 9 मिळाले. राबणाऱ्याचे 4 आणि 3 धरून 16, नुसतं नाव लावणाऱ्याचे 1 आणि 1 धरून 11.

गुणवाटपाआधी एकच वही दोन शिक्षकांनी वेगवेगळी तपासा. एका निकषात दोन गुणांचा फरक पडला, तर त्या पातळीचं वर्णन मोघम आहे. कापूस वेचणीमुळे गैरहजर राहणाऱ्याला मोजणीऐवजी तक्ता करायचं काम द्या, पण ते सुरुवातीलाच लिहून ठेवा.