तिन्ही टेस्ट जुळल्या, तरी एन्टेरोकोकसचा स्टॅफ ऑरियस कसा झाला?

प्रश्न: टीवाय मायक्रोच्या प्रॅक्टिकलला अननोन मिळाला होता. ब्लड अगारवरून कॅटालेज केली, थोडे बुडबुडे आले. ऑक्सिडेज निगेटिव्ह. ट्यूब कोॲग्युलेज चार तासांनी निगेटिव्ह होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्लाझ्मा गोठलेला दिसला. म्हणून स्टॅफिलोकोकस ऑरियस लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एन्टेरोकोकस फीकॅलिस होता. तिन्ही टेस्ट जुळत होत्या, मग चुकलं कुठे?

उत्तर:

चूक कॅटालेजला झाली आणि कोॲग्युलेजने तिला दुजोरा दिला. दोन्ही टेस्ट फसल्या आणि दोन्ही एकाच दिशेने फसल्या, म्हणून तुला शंका आली नाही. असं बेंचवरही घडतं, तेव्हा नीट समजून घे.

"थोडे बुडबुडे" हे तुझे शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. स्टॅफ असता तर पेरॉक्साइडचा थेंब पडताक्षणी कॉलनीवर फेस उसळला असता, शोधत बसावं लागलं नसतं. बारीक, तुरळक, जरा थांबून येणारे बुडबुडे दिसले की आधी काडीकडे बघायचं: कॉलनीबरोबर अगारचा कण तर आला नाही ना? लाल पेशींमध्ये कॅटालेज भरपूर असतं. ब्लड अगारचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा स्लाइडवर आला तरी तो बुडबुडे देतो. शिवाय एन्टेरोकोकसचे काही स्ट्रेन स्वतःही मंद बुडबुडे काढतात. दुसरी खोड लूपची. नायक्रोमची तारसुद्धा पेरॉक्साइडमधून बुडबुडे काढते, म्हणून कॅटालेजला लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकचा लूप वापरायचा.

माझी पद्धत सांगते. न्यूट्रिएंट अगारवर सबकल्चर करायचं आणि १८ ते २४ तासांची कॉलनी घ्यायची, कारण जुन्या कॉलनीत कॅटालेज कमी होतं आणि खरा स्टॅफही मलूल दिसतो. आधी कोरड्या स्लाइडवर कॉलनी, मग तिच्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब. फेसाबरोबर जंतू हवेत उडतात, म्हणून स्लाइड पेट्री डिशमध्ये ठेवून वर झाकण. शेजारी ओळखीचा स्टॅफ आणि ओळखीचा स्ट्रेप याच बाटलीतून लावायचे. पेरॉक्साइड उघडं, उजेडात राहिलं की त्याची ताकद जाते आणि मग स्टॅफही गप्प बसतो.

आता कोॲग्युलेज. चार तासांनी काही नाही आणि सकाळी गठ्ठा, हे वाचून मी पहिला प्रश्न विचारेन: प्लाझ्मा कुठला होता? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ब्लड बँकेतला मुदत संपलेला प्लाझ्मा वापरतात आणि त्यात सायट्रेट असतं. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तो प्लाझ्मा गोठत नाही. ऑरियसच्या कोॲग्युलेजला कॅल्शियमची गरज नसते. ते थेट प्रोथ्रॉम्बिनला चिकटतं आणि त्या जोडीकडून फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं. एन्टेरोकोकसकडे हे एन्झाइम नाही, पण तो सायट्रेट खातो. रात्रभरात सायट्रेट संपलं, कॅल्शियम मोकळं झालं आणि प्लाझ्मा आपोआप गोठला. तुझ्या ट्यूबमध्ये बहुधा हेच घडलं. ईडीटीए घातलेला सशाचा प्लाझ्मा असता तर हा प्रश्न आला नसता, कारण ईडीटीए त्याला खाता येत नाही.

म्हणूनच कोॲग्युलेज कॅटालेजच्या नंतर येते. ही टेस्ट "हा स्टॅफ आहे का?" असं विचारत नाही. "हा स्टॅफ आहे हे ठरलंय, मग ऑरियस की दुसरा कुठला?" एवढंच विचारते. पहिलं उत्तर चुकलं की दुसरा प्रश्नच गैरलागू होतो, तरी ट्यूब काहीतरी उत्तर देतेच.

ट्यूब वाचण्याचीही एक रीत आहे. ३७ अंशांवर ठेवून चार तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने हळूच तिरकी करून बघायची, हलवायची नाही. काही ऑरियस गोठवतात आणि मग स्टॅफिलोकायनेजने तोच गठ्ठा विरघळवतात. फक्त सकाळी पाहिलं तर असा ऑरियस निगेटिव्ह वाटेल. चार तासांत काही झालं नाही तर ट्यूब खोलीच्या तापमानाला ठेवून दुसऱ्या दिवशी बघायची, पण तेव्हाचा पॉझिटिव्ह मी ग्रॅम आणि कॅटालेज पुन्हा पाहिल्याशिवाय लिहीत नाही. स्लाइड कोॲग्युलेज मात्र वेगळी चीज आहे. ती पेशीवरचा क्लंपिंग फॅक्टर बघते, काही ऑरियस तिच्यात निगेटिव्ह येतात आणि स्टॅफ लुग्डुनेन्सिस पॉझिटिव्ह येऊ शकतो. निकाल ट्यूबचाच.

मी पूर्वी ज्या लॅबमध्ये होते तिथे तुझ्यासारखंच एक युरिन सॅम्पल आलं होतं. ज्युनिअरने कॅटालेज पॉझिटिव्ह, ट्यूब पॉझिटिव्ह नोंदवली होती आणि सेफॉक्सिटिनच्या डिस्कभोवती झोनच नव्हता, म्हणून "एमआरएसए" असा रिपोर्ट तयार होता. मला कॉलनी खटकली. ऑरियसच्या मानाने ती फारच बारीक आणि राखाडी होती. मॅककॉन्की प्लेट उजेडाला धरली तर टाचणीच्या टोकाएवढ्या गुलाबी कॉलन्या दिसल्या. ब्रॉथमधून ग्रॅम केला. द्राक्षांचे घड कुठेच नव्हते, जोड्या आणि आखूड साखळ्या होत्या. न्यूट्रिएंट अगारवरून कॅटालेज पुन्हा केली, एकही बुडबुडा नाही. बाइल एस्क्युलिन दुसऱ्या दिवशी काळं झालं आणि ६.५ टक्के मिठाच्या ब्रॉथमध्ये वाढ आली. एन्टेरोकोकस होता. सेफॅलोस्पोरिनला तो निसर्गतःच दाद देत नाही, म्हणून सेफॉक्सिटिनचा झोन नव्हता. तो रिपोर्ट गेला असता तर पेशंटला नसलेला एमआरएसए चिकटला असता आणि कदाचित साध्या ॲम्पिसिलिनने भागलं असतं तिथे भलतंच औषध सुरू झालं असतं. ती प्लेट अजून डोळ्यांसमोर आहे.

तू प्रश्नात ग्रॅमचा उल्लेखच केलेला नाहीस. तो केला नसशील तर खरी चूक तिथूनच सुरू झाली. ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय दिसले की पुढे कॅटालेज. फेस आला तर कोॲग्युलेजकडे, नाही आला तर हिमोलायसिस आणि बाइल एस्क्युलिनकडे. ग्रॅम निगेटिव्ह रॉड्स दिसले की मगच ऑक्सिडेज. स्टॅफ ऑरियस आणि एन्टेरोकोकस दोघेही ऑक्सिडेज निगेटिव्ह, म्हणजे तुझ्या त्या निकालाने दोघांमध्ये काहीच फरक केला नाही. तू तो पुरावा म्हणून मोजलास.

ऑक्सिडेजची खरी जागा मॅककॉन्कीवरच्या रंगहीन कॉलनीपाशी आहे: आतड्यातल्या ई. कोलाय-साल्मोनेला घराण्यातला जंतू की स्यूडोमोनाससारखा? पण टेस्टसाठी कॉलनी मॅककॉन्कीवरून उचलू नकोस. लॅक्टोज आंबवणाऱ्या कॉलनीभोवतीचं आम्ल खोटा निगेटिव्ह देतं, म्हणून न्यूट्रिएंट अगारवरून घे. इथेही नायक्रोम नको, त्यातल्या लोखंडाने कागद जांभळा होतो. आणि १० सेकंदांत जांभळा झाला तरच पॉझिटिव्ह. हे रिएजंट हवेनेही रंगतं, म्हणून मिनिटाभराने दिसलेला रंग वहीत लिहायचा नाही.

अननोनचा स्लँट अजून असेल तर न्यूट्रिएंट अगारवर स्ट्रीक कर, ब्रॉथमधून ग्रॅम कर आणि काडीने कॅटालेज लाव. काय दिसलं ते इथे लिही.